दहा बाय बाराच्या खोलीतली परीक्षा: प्राचार्यांना एक पत्र

आदरणीय प्राचार्य सर,
सादर नमस्कार.

विषय: घरून द्यायच्या परीक्षांवर कॅमेऱ्यातून लक्ष ठेवणारं प्रॉक्टरिंग सॉफ्टवेअर घेण्याचा प्रस्ताव

दोन आठवड्यांपूर्वी बुधवारच्या मीटिंगमध्ये कंपनीच्या माणसाने वीस मिनिटं स्लाइड दाखवल्या आणि शेवटी तुम्ही विचारलंत, ‘कोणाला काही शंका?’ मी गप्प बसले. शंका होती, पण ती नेमकी कशाची हे मलाच सांगता आलं नसतं. म्हणून रविवारी त्यांनी दिलेल्या ट्रायलच्या लिंकवरून मी घरी स्वतः अर्ध्या तासाची परीक्षा दिली आणि मग त्यांच्या डॅशबोर्डवर जाऊन माझाच रिपोर्ट पाहिला. त्यानंतर हे पत्र लिहितेय. मी फिजिक्स शिकवते, वकील नाही आणि कॉम्प्युटरवालीही नाही, तेव्हा जे कळलं ते साध्या भाषेतच सांगते.

एक आधी स्पष्ट करते, म्हणजे गैरसमज नको. मी कॉपीची वकिली करत नाहीये. बोर्डाचं सुपरव्हिजन बावीस वर्षं केलंय, कंपासपेटीतल्या चिठ्ठ्या, तळहातावरची सूत्रं, पाण्याच्या बाटलीच्या लेबलामागची उत्तरं, सगळं पकडलंय. प्रश्न कॉपी पकडावी की नाही हा नाही. वर्गात सुपरव्हायझर फिरतो तेव्हा तो आपल्या वर्गात फिरतो. हा सुपरव्हायझर मुलाच्या घरात शिरतो, जे दिसेल ते टिपून नेतो आणि आपल्याकडेच ठेवतो. माझी सगळी हरकत या तीन गोष्टींभोवती आहे.

हे सॉफ्टवेअर करतं काय

त्याची तीन कामं आहेत आणि ती वेगवेगळी समजून घ्यायला हवीत, कारण स्लाइडवर ती एकाच चौकोनात होती.

पहिलं काम कुलूप लावण्याचं. परीक्षा चालू असताना दुसरी खिडकी उघडता येत नाही, कॉपी-पेस्ट चालत नाही, प्रिंट निघत नाही. याला माझी फारशी हरकत नाही. मात्र हे कुलूप बसवण्यासाठी ब्राउझरमध्ये एक एक्स्टेन्शन टाकावं लागतं आणि ते टाकताना पडद्यावर परवानगीची एक छोटी पाटी येते. माझ्या पडद्यावर आलेल्या पाटीतली पहिली ओळ अशी होती: `Read and change all your data on all websites`. म्हणजे तुम्ही ज्या ज्या साइटवर जाल तिथलं सगळं वाचायची आणि बदलायची मुभा. कंपनी ती परीक्षेपुरतीच वापरत असेलही. पण परवानगी परीक्षेपुरती मागितलेली नाही आणि एक्स्टेन्शन काढून टाकेपर्यंत ती तशीच राहते. पेपर संपल्यावर ते काढायचं असतं हे मुलांना कोण सांगणार?

दुसरं काम रेकॉर्डिंगचं: वेबकॅममधून चित्र, माइकमधून आवाज, आणि त्याशिवाय पडद्यावर जे दिसतंय ते सगळं. आपली बरीचशी मुलं लॅपटॉपवर नाही, मोबाइलवर परीक्षा देतील आणि तो मोबाइल पुष्कळ घरी वडिलांचा किंवा आईचा असेल. पडदा रेकॉर्ड होत असताना वरून बँकेचा मेसेज सरकला, ओटीपी आला, डॉक्टरांच्या अपॉइंटमेंटची आठवण आली, तर तेही त्या फिल्ममध्ये गेलं. वडिलांनी कुठल्याही परीक्षेचा फॉर्म भरलेला नसतो.

तिसरं काम निवाड्याचं. रेकॉर्डिंग माणूस बघत बसत नाही, प्रोग्राम बघतो. चौकटीत चेहरा आहे का, एकच आहे का, तो कुठे वळलाय, बोलण्याचा आवाज येतोय का, एवढंच तो मोजतो आणि जिथे ठरलेल्या मापात बसत नाही तिथे वेळेसकट फ्लॅग लावतो. शेवटी सगळ्या फ्लॅगांची गोळाबेरीज करून विद्यार्थ्याच्या नावापुढे संशयाचा आकडा येतो. चेहऱ्यामागे काय चाललंय हे त्याला कळत नाही.

खोली दाखवा

परीक्षा सुरू व्हायच्या आधी मला सूचना आली की लॅपटॉप हातात घेऊन खोली चारी बाजूंनी दाखवा, टेबलाखालचंही दाखवा. याला ते ‘रूम स्कॅन’ म्हणतात. मी फिरवला. साधारण चाळीस सेकंद लागली. तेव्हा काहीच वाटलं नाही.

नंतर डॅशबोर्डवर ती चाळीस सेकंदं थांबवून थांबवून पाहिली. पलंगावर झोपलेल्या सासूबाई, उशाशी त्यांच्या गोळ्यांची पाकिटं, एका पाकिटावरचं नाव वाचता येत होतं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर मी दुधाचा हिशेब लिहिते आणि मुलीच्या क्लासच्या वेळाही लिहिते, ती घरातून किती वाजता निघते आणि किती वाजता येते. दोरीवर कपडे. कपाटाचं अर्धं दार उघडं. माझ्याकडे तरी दोन खोल्या आहेत. आपली किती मुलं दहा बाय बाराच्या एका खोलीत पाच जणं राहतात, हे वर्गशिक्षकांना विचारा. त्यांच्यासाठी ‘एकांतात बसून परीक्षा द्या’ या सूचनेचा अर्थ काय? बाकीच्या चौघांनी दीड तास जिन्यात उभं राहायचं?

आणि सर, लाज हाही भाग आहे. गळकं छप्पर, घरात आजारी माणूस, दारू पिऊन पडलेला बाप, हे मूल वर्गात कधी सांगत नाही. आपणही विचारत नाही. ते कॅमेऱ्यासमोर फिरवून दाखवायला लावणं आणि मग ते स्टाफरूममध्ये कोणीही उघडून बघू शकणं, हे मला चालण्यासारखं वाटत नाही.

या चाळीस सेकंदांवरून अमेरिकेत खटला झालाय. ओहायो राज्यातल्या क्लीव्हलँड स्टेट युनिव्हर्सिटीतल्या केमिस्ट्रीच्या एका विद्यार्थ्याला फेब्रुवारी 2021 मध्ये परीक्षेच्या जेमतेम दोन तास आधी कळवलं गेलं की तुमची खोली दाखवावी लागेल. त्याच्या बेडरूममध्ये काही गोपनीय कागद आणि कराचे फॉर्म होते आणि ते तेवढ्या वेळात आवरता येणार नाहीत असं त्याने कळवलं. परीक्षा बुडू नये म्हणून त्याने शेवटी खोली दाखवली, आणि नंतर कोर्टात गेला. ऑगस्ट 2022 मध्ये तिथल्या फेडरल कोर्टाने निकाल दिला की सरकारी विद्यापीठाने घेतलेलं रूम स्कॅन ही घराची झडतीच आहे आणि ती अवाजवी आहे. विद्यापीठाचं म्हणणं होतं की हे सगळीकडे चालतं, मुलंही तक्रार करत नाहीत. एखादी गोष्ट सर्रास चालते म्हणून ती झडती राहत नाही, हे कोर्टाने मानलं नाही.

तो निकाल आपल्याला लागू नाही, त्यांची घटना वेगळी आहे. पण खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे हे आपल्याकडेही सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी 24 ऑगस्ट 2017 ला एकमताने सांगितलंय. आणि निकाल बाजूला ठेवला तरी साधी गोष्ट उरते. आपण पोरांच्या दप्तराची तपासणी करतो, घराची करत नाही.

माझा रिपोर्ट

आता निवाड्याकडे येते, कारण मीटिंगमध्ये सगळ्यात जास्त कौतुक त्याचंच झालं.

माझी परीक्षा पंधरा प्रश्नांची होती. मी कॉपी केली नाही (एक प्रयोग सोडून, तो पुढे सांगते). रिपोर्टमध्ये माझ्या नावापुढे लाल रंगात ‘हाय’ आलं आणि खाली हे होतं:

```
00:06:48  Face not detected
00:11:20  Multiple faces
00:13:05  Voice detected
00:19:32  Looking away
```

सहा मिनिटं अठ्ठेचाळीस सेकंदांना मी मान खाली घालून कच्च्या कागदावर गणित सोडवत होते. फिजिक्सचं न्यूमरिकल कोणी पडद्याकडे टक लावून सोडवतं का? अकरा मिनिटांना सासूबाई उठून आल्या, लायटर कुठे ठेवलाय विचारायला. तेराव्या मिनिटाला खाली भाजीवाला ‘मेथी, शेपू, कांदाऽऽ’ करत गेला. एकोणिसाव्या मिनिटाला मी खिडकीबाहेर बघत विचार करत होते. चार फ्लॅग, चारही घराचे आणि अभ्यासाचे.

आता तो प्रयोग. लॅपटॉपच्या पडद्याच्या कडेला, कॅमेऱ्याच्या अगदी शेजारी, मी सूत्रांची एक चिठ्ठी चिकटवली होती. रूम स्कॅनमध्ये ती येणं शक्यच नाही, कारण कॅमेरा स्वतःच्या शेजारचं बघू शकत नाही. आणि ती वाचताना माझी नजर पडद्याकडेच होती. शेवटचे पाच प्रश्न मी त्या चिठ्ठीवरून सोडवले. त्या पाच प्रश्नांच्या वेळात एकही फ्लॅग नाही.

म्हणजे खोली मोठी, शांत आणि उजेडाची असेल आणि मूल हुशारीने कॉपी करत असेल तर ते स्वच्छ. आणि घर लहान, भाऊ रडतोय, ट्यूबलाइट फडफडतेय आणि मूल प्रामाणिक, तर ते लाल. चेहरा ओळखणारा प्रोग्राम कमी उजेडात अडखळतो, डोक्यावरून ओढणी कपाळापर्यंत आली की अडखळतो, सावळ्या चेहऱ्यांवर काही प्रोग्राम जास्त अडखळतात. शेवटचं तुम्हाला अतिशयोक्ती वाटेल, पण यावर परदेशात विद्यार्थ्यांच्या तक्रारी झाल्यात.

माझा प्रयोग एकटीचा आहे. पण नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाच्या लोकांनी हेच नीट, नियंत्रित पद्धतीने केलं आणि 2021 मध्ये छापलं. तीस विद्यार्थी बसवले, त्यातल्या सहा जणांना मुद्दाम कॉपी करायला सांगितलं. प्रॉक्टोरिओ नावाच्या सॉफ्टवेअरने त्या सहातल्या एकालाही कॉपी करणारा म्हणून दाखवलं नाही. मग माणसाने रेकॉर्डिंग पाहिलं तेव्हा सहातला एक सापडला. तीस हा आकडा लहान आहे, त्यावरून सगळ्या सॉफ्टवेअरांबद्दल काही ठरवता येणार नाही. पण आपल्या कंपनीकडे याहून मोठी, त्रयस्थाने केलेली चाचणी असेल तर ती त्यांनी दाखवायला हवी होती. मी नंतर विचारलं तेव्हा पुन्हा तीच स्लाइड आली.

समजा सॉफ्टवेअर खूप चांगलं आहे असंच धरू. पुढचे आकडे माझे, केवळ हिशेबासाठी. बारावीची 240 मुलं पेपर देतायत, त्यातली 12 कॉपी करतायत. सॉफ्टवेअर त्या 12 पैकी 9 पकडतं, म्हणजे उत्तमच. आणि प्रामाणिक मुलांमध्ये दहातल्या एकालाच चुकून लाल करतं. उरलेली 228, त्यांचा दहावा भाग साधारण 23. आता लाल यादीत 9 अधिक 23, म्हणजे 32 नावं आहेत, आणि त्यातली 23 निर्दोष आहेत. यात प्रोग्राम वाईट आहे असं काही नाही. प्रामाणिक मुलं खूप आणि कॉपी करणारी थोडी असली की थोड्या टक्क्यांची चूकही मोठी यादी बनते. मलेरियाच्या साथीबाहेर सगळ्या गावाची तपासणी केली तर जे होतं तेच.

वर्गात कॉपी केस करायची तर आपण काय करतो? कागद जप्त करतो, त्यावर सही घेतो, मुलाचा लेखी जबाब घेतो, केंद्रसंचालकांना बोलावतो. हातात वस्तू असते. इथे हातात एक लाल शब्द असणार. कंपनी म्हणते ‘अंतिम निर्णय शिक्षकांचाच’. बरोबर, पण 240 मुलांचं दीड-दीड तासाचं रेकॉर्डिंग म्हणजे 360 तास होतात, ते कोणी बघणार नाही, आपण फक्त लाल यादी उघडू, आणि यादीत नाव दिसलं की मन आधीच झुकलेलं असतं. आणि यादीही सगळी उघडली जात नाही. प्रॉक्टरयू या अमेरिकन कंपनीने 2021 मध्ये निव्वळ प्रोग्रामच्या भरवशावर चालणारी सेवा विकणं बंद केलं. त्यांचं कारण हेच होतं की फ्लॅग लागलेली रेकॉर्डिंग बहुतेक ठिकाणी कोणी तपासतच नव्हतं.

पेपर संपल्यावर फिल्म कुठे जाते

दीड तासाचं साधं, फार स्पष्ट नसलेलं व्हिडिओ रेकॉर्डिंग सेकंदाला अर्धा मेगाबिट धरलं तरी एका मुलाचं 340 एमबीच्या आसपास होतं. पडद्याचं रेकॉर्डिंग त्याहून वेगळं. 240 मुलांचं एका पेपरचं 80 जीबी. (हे सगळं अपलोड व्हायचं असतं मुलाच्या डेटा पॅकमधून, रोजच्या दीड जीबीतला मोठा तुकडा, पण तो मुद्दा बाजूला ठेवते.) सहा पेपर धरले तर पाचशे जीबीच्या घरात. हे आपल्या कॉलेजच्या कपाटात येत नाही. ते कंपनीने भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवर जातं.

मी करारनाम्याचा मसुदा ऑफिसमधून मागून वाचला. रेकॉर्डिंग किती दिवस ठेवणार, याचं उत्तर ‘आवश्यक तेवढा काळ’ असं आहे. कोण बघू शकतं, तर ‘अधिकृत कर्मचारी आणि भागीदार’. कशासाठी वापरणार, तर परीक्षेच्या देखरेखीसाठी ‘आणि सेवेत सुधारणा करण्यासाठी’. या शेवटच्या चार शब्दांचा मला लागलेला अर्थ असा की आपल्या मुलांचे चेहरे आणि घरं वापरून ते आपला प्रोग्राम शिकवून घेणार.

उत्तरपत्रिका आपण किती दिवस ठेवायच्या आणि मग रद्दीत कशा द्यायच्या, याचाही नियम आहे. इथे तारीखच नाही. आणि जुनी माहिती पडून राहिली की काय होतं याचं उदाहरणही प्रॉक्टरयूचंच आहे. 2020 मध्ये त्यांच्याकडच्या सुमारे 4 लाख 44 हजार खात्यांची नावं, ईमेल, पत्ते वगैरे बाहेर फुटले, आणि ती खाती बहुतेक जुनी होती. परीक्षा कधीच संपलेल्या, मुलं कामाधंद्याला लागलेली, पण माहिती तिथेच होती. त्यात व्हिडिओ नव्हते. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, चेहरा आणि घराचा पत्ता कसा बदलणार?

तुम्ही म्हणाल की ही जबाबदारी कंपनीची. इथेच मला तुम्हाला खास सावध करायचंय. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा 2023 साली आला, त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि त्यातल्या मुख्य जबाबदाऱ्या अठरा महिन्यांनी, म्हणजे मे 2027 पासून लागू होतायत. आपण तीन वर्षांचा करार करणार आहोत, म्हणजे तो त्या तारखेच्या पलीकडे जातो. या कायद्यात माहिती कशासाठी गोळा करायची हे जो ठरवतो तो मुख्य जबाबदार. ते आपण. कंपनी आपल्या वतीने काम करणारी. तिच्याकडून चूक झाली तरी उत्तर आपण द्यायचं, करारात काहीही लिहिलेलं असो. माहिती सुरक्षित ठेवण्यात कसूर झाली तर दंडाची कमाल मर्यादा 250 कोटी आहे. आपल्याला तेवढा होईल असं मी म्हणत नाही, पण नोटीस कोणाच्या नावाने येईल ते कळावं.

इटलीत हे प्रत्यक्ष घडलंय. सप्टेंबर 2021 मध्ये तिथल्या डेटा संरक्षण प्राधिकरणाने मिलानच्या बोकोनी विद्यापीठाला अशाच सॉफ्टवेअरवरून 2 लाख युरोंचा दंड केला. विद्यार्थ्यांना पुरेशी माहिती दिली नव्हती, चेहऱ्यावरून विश्लेषण करायला कायदेशीर आधार नव्हता, माहिती अमेरिकेत जात होती आणि धोक्यांचं मूल्यमापन नीट झालेलं नव्हतं. सॉफ्टवेअर कंपनीचं होतं आणि दंड विद्यापीठाला झाला.

संमतीचं काय, असं तुमच्या मनात येईल. कंपनी म्हणते, मुलं ‘आय अ‍ॅग्री’ दाबतात. आपल्या कायद्याप्रमाणे संमती मोकळेपणाने, विनाअट आणि समजून दिलेली हवी, आणि त्या कामाला लागते तेवढ्याच माहितीपुरती. पेपर सुरू व्हायला दहा मिनिटं असताना, इंग्रजीत असलेल्या अकरा पानांखाली, ‘नाही’ म्हटलं तर गैरहजर, अशा स्थितीत दाबलेलं बटण यात कसं बसवायचं? सूचना मराठीतही मिळायला हवी, तो पर्याय कायद्यातच आहे. आणि आपली अकरावी-बारावीची मुलं सोळा-सतरा वर्षांची, म्हणजे कायद्याच्या भाषेत बालकं. बालकांची माहिती घ्यायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते आणि त्यांच्या वागण्यावर पाळत ठेवायला मनाई आहे.

यात एक बाजू कंपनीच्याही फायद्याची आहे आणि ती मी लपवत नाही. नियमांच्या परिशिष्टात शैक्षणिक संस्थांना यातून सूट दिलीय, संस्थेच्या शैक्षणिक कामापुरती किंवा मुलांच्या सुरक्षेपुरती. परीक्षा हे शैक्षणिक काम आहे असं म्हणता येईल. पण सूट आहे ती संस्थेला आणि तेवढ्या कामापुरती. ‘सेवेत सुधारणा’ त्यात बसते असं मला वाटत नाही. पलंगावरच्या आजीचं चित्रण तर नाहीच, कारण ती आपली विद्यार्थिनी नाही. सुरक्षित ठेवणं आणि काम झालं की पुसून टाकणं या जबाबदाऱ्यांमधूनही ही सूट आपल्याला सोडवत नाही. हे संस्थेच्या वकिलांनी एकदा तपासावं अशी विनंती.

मग परीक्षा कशा घ्यायच्या

नुसती हरकत घेऊन थांबले तर तुम्ही म्हणाल, बाई, पर्याय द्या. आपल्याला हे सॉफ्टवेअर दोन ठिकाणी हवंय: बारावीच्या सराव परीक्षा आणि पदवीच्या मुलांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम.

प्रमाणपत्राला 118 मुलं आहेत आणि आपल्या लॅबमध्ये चालू स्थितीतले 40 कॉम्प्युटर आहेत (दोन बिघडलेले धरले नाहीत). पाऊण-पाऊण तासाच्या तीन बॅचेस केल्या की एका शनिवारी दुपारपर्यंत परीक्षा संपते, सुपरव्हायझर एक आणि रेकॉर्डिंग शून्य. ब्राउझरचं कुलूप हवंच असेल तर ते आपल्या मशीनवर लावू, मुलांच्या नाही. Safe Exam Browser नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ते फक्त कुलूप लावतं, कॅमेरा मागत नाही.

बारावीच्या सराव परीक्षेचे गुण बोर्डाकडे जात नाहीत. तिथे कॉपी करणारं मूल स्वतःचंच नुकसान करतं. त्यासाठी 240 घरांत कॅमेरे लावणं मला अति वाटतं. तरीही थोडा धाक हवा असेल तर प्रश्न बदलू. माझ्या विषयाचं उदाहरण देते. ‘तुमच्या रोल नंबरच्या शेवटच्या दोन अंकांइतक्या ओहमचा रोध 12 व्होल्टच्या बॅटरीला जोडला. बॅटरीचा अंतर्गत रोध 2 ओहम. टर्मिनल व्होल्टेज काढा, आणि रोध दुप्पट केला तर ते वाढेल की कमी होईल ते कारणासह लिहा.’ 47 नंबरच्या मुलीचं उत्तर 11.51 व्होल्ट येतं, 10 नंबरच्या मुलाचं 10. शेजाऱ्याचं उत्तर उतरवून उपयोग नाही, आणि ‘कारणासह’ हा भाग फोनवर विचारून लिहिला तरी पुढच्या आठवड्यात वर्गात तीन मिनिटं तोंडी विचारलं की उघडा पडतो. तोंडी सगळ्यांची घ्यायची गरज नाही, चिठ्ठ्या टाकून चाळीस जणांची घेऊ. चार शिक्षकांमध्ये वाटली तर प्रत्येकाला अर्धा तास.

अपघात, आजारपण, बाळंतपण अशा कारणाने जे खरंच येऊ शकत नाहीत ते दरवर्षी पाच-सात असतात. त्यांची परीक्षा मी स्वतः व्हिडिओ कॉलवर घ्यायला तयार आहे, रेकॉर्डिंग बंद ठेवून, आणि कॅमेरा चेहऱ्याकडे न ठेवता वरून हात आणि कागदाकडे. कॉपीसाठी बघायचं तर तेवढंच असतं.

यात सुद्धा कॉपी होणार. वर्गातही होते. मी हमी देत नाही.

आणि सगळं ऐकूनही करार करायचाच असं ठरलं, तर निदान सही करण्याआधी कंपनीकडून चार गोष्टी लेखी घ्याव्यात. रूम स्कॅन बंद. चेहरा आणि नजर यांचं विश्लेषण बंद. निकाल लागल्यापासून तीस दिवसांत रेकॉर्डिंग पुसून तसं प्रमाणपत्र. ‘सेवेत सुधारणा’ हे शब्द करारातून बाहेर. आणि फ्लॅग लागला म्हणून कोणाचेही गुण रोखायचे नाहीत, मुलाला ते रेकॉर्डिंग दाखवून त्याचा जबाब घेतल्याशिवाय तर नाहीच, हा ठराव आपल्या परीक्षा समितीने करावा. कंपनीने यातली पहिली दोन बंद केली तर त्यांच्याकडे विकायला कुलूप आणि नुसतं रेकॉर्डिंगच उरेल, आणि त्यातलं कुलूप फुकट मिळतं हे वर लिहिलंच आहे.

या विषयावर परीक्षा समितीची बैठक बोलवावी आणि त्यात दोन पालक असावेत, अशी विनंती. ट्रायलचा रिपोर्ट आणि करारावर पेन्सिलने केलेल्या खुणा सोबत जोडल्या आहेत. रूम स्कॅनच्या त्या चाळीस सेकंदांची प्रत मात्र जोडलेली नाही.

आपली नम्र,
भौतिकशास्त्र विभाग

ता. क. ट्रायल झाल्या दिवशीच मी कंपनीला ईमेल केला की माझं रेकॉर्डिंग पुसून टाका आणि तसं कळवा. ‘आपली विनंती नोंदवली आहे’ असा आपोआप जाणारा निरोप एका मिनिटात आला. आज अकरावा दिवस. सकाळी पुन्हा लॉगिन करून पाहिलं, सासूबाई अजून त्या पलंगावर झोपलेल्या आहेत.